आमची वाटचाल: चाळीस चौकश्या, दोन ऑर्डरी

पहिल्या दिवाळीला आम्ही सोया मेणाच्या साठ मेणबत्त्या ओतल्या आणि स्टेटसला फोटो टाकला: ‘हातानं बनवलेल्या सुगंधी मेणबत्त्या, ३५० रुपये, ऑर्डरसाठी मेसेज करा.’ चौकश्या आल्या चाळीस, ऑर्डरी दोन. त्यातली एक मावशीची.

मामेबहीण जाहिरात शिकलेली. ती म्हणाली, “तू ‘आयडा’तली मधली दोन अक्षरं गिळलीस.” अटेन्शन, इंटरेस्ट, डिझायर, ॲक्शन. म्हणजे आधी नजर थांबते, मग उत्सुकता वाटते, मग ती वस्तू हवीशी होते, आणि शेवटी माणूस पैसे काढतो. हे सूत्र अमेरिकेतल्या सेंट एल्मो लुईस यांच्या नावावर १८९८ पासून सांगतात. गिऱ्हाईक कुठे गळलं ते त्यावरून कळतं. आमचे सगळे ‘किती?’ विचारून गप्प झाले होते. म्हणजे नजर थांबली होती, पण मेणबत्ती हवीशी झालीच नव्हती.

पुढच्या वर्षी रांगेतल्या बरण्यांचा जुना फोटो वगळला. त्याऐवजी संध्याकाळच्या खिडकीत एकच पेटती मेणबत्ती आणि वर ओळ: ‘मोगऱ्याचा सीझन संपला. वास संपलेला नाही.’ खाली माहिती: १८० ग्रॅम मेण, त्यात साधारण १४ ग्रॅम सुगंधी तेल, आणि ओतल्यावर दोन आठवडे मुरत ठेवलेली. तेल अत्तर नाही, हेही लिहिलं. ते वाचून उलट जास्त प्रश्न आले.

खरी मेहनत तिसऱ्या अक्षराला लागली. मी आधी ‘शांत, प्रसन्न वातावरण’ लिहिलं होतं. बहिणीनं ते खोडलं. असलं तर उदबत्तीच्या पुड्यावरही असतं. मग लिहिलं: ‘दिवसभर चकल्या तळल्यात. संध्याकाळी पाहुणे यायच्या आधी अर्धा तास ही लावा.’ तळणीचा वास कुठल्या घरात नसतो? त्या ओळीनंतर लोक किंमत विचारण्याऐवजी ‘दोन ठेवा’ म्हणू लागले.

शेवटी, ‘मेसेज करा’ऐवजी ‘मोगरा २ असं लिहून पत्ता पाठवा’, सोबत यूपीआयचा क्यूआर, आणि ‘या रविवारनंतर दिवाळीपूर्वी नाही’. हा धाक खोटा नव्हता. मुरायला दोन आठवडे लागतात, घाईत ओतलेलीला वास धरत नाही. त्या वर्षी चौकश्या बावीस आल्या आणि ऑर्डरी चौदा.

पण ‘आयडा’ पैसे मिळाले की थांबतो. एका ताईंनी फोटो पाठवला: मधोमध खोल भोक, कडेचं मेण तसंच. वीस मिनिटांत विझवली होती त्यांनी. आता झाकणात चिठ्ठी असते: ‘पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळल्याशिवाय विझवू नका.’ ती चिठ्ठी चारांतल्या कुठल्या अक्षरात बसते, हे बहिणीलाही सांगता आलेलं नाही.