बॅकटेस्टची नोंद: एका बोनसने दाखवलेला खोटा गोल्डन क्रॉस

मागच्या नोंदीत ५० आणि २०० दिवसांच्या सरासरीच्या प्रणालीचा परतावा एकाएकी सुधारल्याचे मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते. तो उत्साह मागे घ्यावा लागत आहे. सुधारणा प्रणालीत झालेली नव्हती, माझ्या समायोजनाच्या गुणकात चूक होती, आणि ती सापडायला तीन रविवार गेले.

कच्च्या भावांवर चालवल्यावर काय होते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले आहे. समजा, एखादा समभाग वर्षभर ९०० वर स्थिर होता आणि १:२ बोनसनंतर, म्हणजे हाती असलेल्या दर दोन समभागांमागे एक नवा मिळाल्यावर, तो ६०० वर आला. धारकाचे काहीच गेलेले नसते, पण ५० दिवसांची सरासरी रोज ६ ने आणि २०० दिवसांची रोज दीडने उतरू लागते. पहिल्याच दिवशी विक्रीचा संकेत मिळतो आणि २०० दिवस उलटेपर्यंत तो खोटेपणा सरासरीतून पुरता जात नाही. हे टाळण्यासाठीच मी एक्स-डेटपूर्वीचे सगळे भाव गुणकाने गुणणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता.

घोळ त्या गुणकातच होता. विभाजनाचे प्रमाण आणि बोनसचे प्रमाण दिसायला सारखे असले तरी वाचायचे वेगळे असते, आणि मी १:२ बोनस ‘एकाचे दोन’ असा वाचून गुणक १/२ धरला. खरा गुणक असा काढायचा असतो, ज्यात `a` म्हणजे नवे समभाग आणि `b` म्हणजे ज्यांच्यामागे ते मिळतात ते जुने समभाग:

```
factor = b / (a + b)
```

म्हणजे येथे २/३. १/२ ने गुणल्यामुळे जुने भाव ६०० ऐवजी ४५० झाले आणि एक्स-डेटला कागदावर ३३ टक्क्यांची उडी उमटली. कच्च्या भावांत जो खोटा विक्रीसंकेत होता, त्याच्या जागी आता खोटा खरेदीसंकेत आला. शिवाय जे समभाग प्रणालीने आधीपासून धरून ठेवले होते, त्यांना ही उडी फुकटचा नफा म्हणून मिळाली. तोटा दिसला असता तर मी त्याच दिवशी शोधायला बसलो असतो. नफा दिसला म्हणून मी नोंद लिहिली.

चूक पकडली ती शेषाने. समायोजित मालिकेत एक्स-डेटचा भाव आधीच्या दिवसाच्या भावाने भागला की उत्तर एकाच्या आसपास यायला हवे. माझ्याकडे ते ४/३ च्या आसपास आले. खरा गुणक भागिले वापरलेला गुणक केल्यास नेमके तेच येते, त्यामुळे हा शेष चूक कोणती हेसुद्धा सांगतो. तो ३/२ आला असता, तर पुरवठादाराने आधीच समायोजित केलेल्या भावांवर मी पुन्हा गुणक चालवला असा अर्थ झाला असता. (एका पुरवठादाराच्या `Close` रकान्यात विभाजन आधीच धरलेले असते आणि `Adj Close` मध्ये त्यावर लाभांशही असतो, हे रकान्याच्या नावावरून कोणालाही कळणार नाही, याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही.) दुसरी चाचणी उलाढालीची आहे: भाव २/३ ने गुणला तर समभागांची संख्या ३/२ ने गुणावी लागते आणि दोहोंचा गुणाकार जसाच्या तसा राहतो.

लाभांशाचे मात्र मी वेगळे ठेवायचे ठरवले आहे. ६०० च्या भावावर १२ लाभांश असेल तर गुणक ०.९८ येतो, म्हणजे एकट्याने फार काही बिघडत नाही. पण दरवर्षी तेवढाच लाभांश धरला तर १० वर्षांत गुणकांचा गुणाकार सुमारे ०.८२ होतो आणि १० वर्षांपूर्वीचा ५०० चा उच्चांक ४०९ च्या जवळ दिसतो. भाव ४५० ला पोहोचला की समायोजित आलेख ‘नवा उच्चांक’ म्हणतो, जरी ५०० ला अडकलेले लोक अजून अडकलेलेच असले तरी. परतावा मोजायला लाभांश धरलाच पाहिजे. उच्चांक आणि आधारपातळ्या पाहताना मी फक्त विभाजन व बोनस धरतो.

पुढच्या वेळी नुसता गुणक दुरुस्त करून प्रणाली पुन्हा चालवायची, असा बेत होता. पण हे लिहिताना एक मोठी अडचण लक्षात आली. माझी चाळणी ‘५० पेक्षा कमी भाव’ अशी आहे, आणि आजपर्यंतचे गुणक लावलेल्या मालिकेत ज्यांचे नंतर वारंवार विभाजन झाले, ते समभाग जुन्या काळात स्वस्त दिसतात. विभाजन बहुधा भाव खूप चढल्यावरच होते. म्हणजे ती चाळणी नकळत भविष्यातले विजेते निवडत होती. म्हणून आता समायोजित फाईल साठवणेच बंद. कच्चे भाव एका तक्त्यात, घटना दुसऱ्यात, सरासरीसाठी त्या दिवसापर्यंतच्याच घटनांचे गुणक, आणि भावाची चाळणी थेट कच्च्या भावावर. जुने सगळे निकाल या पद्धतीने पुन्हा काढतो आहे. तोवर मागच्या नोंदीतला परताव्याचा तक्ता रद्द समजावा.