कागद पिवळा पडलाच नाही

आमच्या ज्युनिअर कॉलेजात पर्यावरणाचा प्रकल्प असतो. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर एक विद्यार्थिनी पावसाच्या पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेत आली. चेहरा पडलेला. "मॅडम, पीएच सातच्या आसपास येतोय. आम्ही तर अहवालात लिहून बसलोय की पुण्यात आम्लवर्षा होते. दुसऱ्या पाण्याचं रीडिंग घेऊ का?"

मी तिला खाली बसवलं आणि बाटली हातात घेतली. तळाशी गाळ होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाचंही पाणी ५.६ च्या आसपास असतं. म्हणजे सात हे रीडिंग स्वच्छतेचं लक्षण नव्हतं, पाण्यात काहीतरी अल्कली मिसळलेलं होतं. बाटली रात्रभर गच्चीवर उघडी होती का, असं विचारलं तर ती हो म्हणाली. पाऊस येण्याआधीच त्यात धूळ पडली होती.

मग आम्ही खिडकीच्या कठड्यावरची धूळ पुसून काचेच्या बशीत घेतली आणि तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. भिंगातून बारीक बुडबुडे दिसले. म्हणजे धुळीत कार्बोनेट होता. आपल्या मातीतला चुनखडा आणि बांधकामांची धूळ, दोन्हींत तो असतो. नंतर डिस्टिल्ड पाण्यात सल्फ्युरिक आम्ल जपून मिसळून पीएच साडेचारच्या जवळ आणला आणि तीच धूळ ढवळली. थोड्या वेळाने मीटरचा आकडा चढू लागला. गाड्यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कोळसा-डिझेलमधल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड यांचं आम्ल हवेत तयार होतंच, पण धूळ ते मारून टाकते. सल्फेट आणि नायट्रेट पाण्यात उरतात, फक्त पीएच कागदाला ते दिसत नाहीत. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पीएच कागदावर विसंबणंही धोक्याचं, म्हणून ४ आणि ७ च्या बफरवर मीटर जुळवून घ्यावा लागतो.

मला हे रीडिंग पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही परिच्छेदापेक्षा मोलाचं वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलं.

पुढच्या पावसात मुलांनी झाकण पहिला थेंब पडताना काढलं. एक बाटली सुरुवातीच्या सरीची, दुसरी काही तास पाऊस झाल्यानंतरची. हवेतली धूळ धुऊन गेल्यावर आकडा खाली यायला हवा होता आणि तो आलाही.

प्रकल्पातल्या सर्वेक्षणाची प्रश्नावली मात्र नव्याने करावी लागली. पहिला प्रश्न होता, "आम्लवर्षेमुळे तुम्हाला त्रास होतो का?" बहुतेक जण हो म्हणाले होते, कारण प्रश्नच तसा होता. आता मुलं विचारतात, गेल्या थंडीत सकाळी घसा खवखवला का, डोळे चुरचुरले का, घर मोठ्या रस्त्यापासून किती लांब आहे. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, धूर आणि धुके खालीच कोंडतात. म्हणून पुणेकरांना त्याच दिवसांबद्दल विचारायला हवं.