बारा मिनिटांचे भाषण आणि गाळलेली एक ओळ

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींत भूमिगत निचऱ्याची कामे करण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या एका अभियंत्यांचे परिषदेतील इंग्रजी भाषण सोपे करण्यासाठी माझ्याकडे आले होते. संहिता त्यांच्या सहलेखकांनी लिहिली होती, म्हणजे छापील शोधनिबंधच बारा मिनिटांत कोंबला होता. मी प्रथम अभियंत्यांना एक पान मोठ्याने वाचायला सांगितले. मिनिटाला नव्वदच्या आसपास शब्द होत होते, त्यामुळे हजार शब्दांच्या वर काहीही ठेवण्यात अर्थ नव्हता.

अडखळण्याची ठिकाणे मात्र अपेक्षेहून निराळी निघाली. ‘इलेक्ट्रिकल कंडक्टिव्हिटी’ हा शब्द ते रोज वापरत असल्याने सहज म्हणत होते. दम लागत होता तो ‘अ सिग्निफिकंट रिडक्शन इन सॉइल सॅलिनिटी वॉज ऑब्झर्व्ह्ड सब्सिक्वेंट टू द इन्स्टॉलेशन ऑफ सबसर्फेस ड्रेनेज’ अशा वाक्यात, जिथे कोणी काय केले हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याचे मी तुकडे केले : ‘वुई लेड पाइप्स अंडर द सॉइल. द पाइप्स टुक अवे द सॉल्टी वॉटर. सॉइल सॅलिनिटी केम डाउन. द ड्रॉप वॉज सिग्निफिकंट.’ यातला ‘सिग्निफिकंट’ मुद्दाम राखला, कारण तो संख्याशास्त्रीय चाचणीचा निष्कर्ष सांगतो. सोपेपणाच्या नावाखाली तिथे ‘बिग’ लिहिणारे संपादक मी पाहिले आहेत.

उच्चार समासात न लिहिता शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत लिहिले, कारण समासाकडे गेलेली नजर परत येताना ओळ चुकते. आघाताचे अक्षर ठळक केले : स-लि-नि-टी यातले ‘लि’, अ-नॅ-लि-सिस यातले ‘नॅ’. ‘मेझर्ड’मधला झ ‘झाड’मधल्यासारखा नाही, हे लिहून कळत नाही, म्हणून ते ध्वनिमुद्रण करून पाठवले. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत ऐकणाऱ्याचा घोटाळा होऊ नये, यासाठी तो आकडा बोलताच पडद्यावर दिसेल अशी सोय केली. श्वासाच्या जागी तिरपी रेघ आणि पडद्यावर नवी स्लाइड येते तिथे रिकामी ओळ.

शेवटी मी एक वाक्य जोडले होते : ‘प्लीज आस्क युअर क्वेश्चन स्लोली.’ ते दुबळेपणाचे दिसते, असे सांगून सहलेखकांनी गाळले. ज्यांना इंग्रजी सोपे जाते, त्यांनाच अशा गोष्टींची लाज वाटते!

भाषण वेळेत आणि स्वच्छ झाले. इतके स्वच्छ, की पहिल्याच श्रोत्याने भरभर, पोटवाक्यांनी लादलेला प्रश्न विचारला. नळ्यांतून बाहेर पडलेले खारे पाणी पुढे कुठे सोडता, एवढाच त्याचा गाभा होता आणि त्याचे उत्तर अभियंत्यांना झोपेतही देता आले असते. पण प्रश्नच हाती लागला नाही. अध्यक्षांनी तो चार शब्दांत पुन्हा विचारल्यावर त्यांनी नाल्यापासून नदीपर्यंतची सगळी अडचण मोडक्या, पण अचूक इंग्रजीत मांडली. वक्त्याच्या एरवीच्या बोलण्याहून संहिता किती सफाईदार असावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आता प्रश्नोत्तरांचा सरावही मी त्याच कामात धरतो आणि ती ओळ भाषणाच्या आरंभीच घालतो.