'विसरली' नावाचा रकाना

पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठाच्या आवारात मी खारींवर काम करते. आपल्याकडच्या, पाठीवर रामाच्या बोटांचे पट्टे असलेल्या खारी नव्हेत. या करड्या, मोठ्या, झुपकेदार शेपटीच्या. थंडीचे चार महिने झाडावर काही नसतं, म्हणून शरद ऋतूत त्या शेकडो फळं एकेकटी जमिनीत पुरतात. लोकांना ही गोष्ट ठाऊक असते आणि तिचं शेपूटही ठाऊक असतं: खार विसरते, आणि विसरलेल्या फळातून झाड उगवतं. गेल्या एप्रिलपर्यंत मीसुद्धा हे असंच सांगत होते. त्याहून वाईट म्हणजे तक्त्यात तसं भरत होते.

आमची पद्धत थोडक्यात सांगते. सप्टेंबरात खारी पिंजऱ्यात पकडायच्या, निमुळत्या कापडी पिशवीत घ्यायच्या, कानाला नंबराचा बिल्ला लावायचा आणि पाठीवर काळ्या रंगाने खूण करायची, म्हणजे दुर्बिणीतून कोण ते कळतं. मग खुणेच्या खारीला मोजून ओकची फळं द्यायची. या फळाला इथे एकॉर्न म्हणतात. प्रत्येक एकॉर्नच्या बुडाकडून बारीक भोक पाडून आत खिळ्याचा तुकडा बसवायचा. कोंब टोकाकडे असतो, म्हणून भोक नेहमी बुडाकडून. हातमोज्यांशिवाय फळाला हात लावायचा नाही. खार पुरेल ती जागा लांबून पाहायची, ती गेल्यावर दोन ठरलेल्या झाडांपासूनचं अंतर टेपने मोजून लिहायचं आणि मातीला अजिबात हात लावायचा नाही. पुढचं काम मेटल डिटेक्टरचं.

त्या डिटेक्टरने माझा जीव खाल्लाय. विद्यापीठाच्या हिरवळीत बाटल्यांची झाकणं, नाणी, चॉकलेटचे चंदेरी कागद, काय नाही ते असतं. सारखं वाजतं आणि गुडघ्यावर बसून नख नख माती पाहावी लागते. पण मापं नीट घेतली असतील तर वीतभर जागेत शोधायचं असतं, आणि मापं मी नीट घेते.

ज्या खारीबद्दल लिहितेय तिच्या पाठीवर दोन टिंबं होती, म्हणून तिचं नाव दोन-टिंब. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी तिला वीस एकॉर्न दिले, बारा लाल ओकचे आणि आठ पांढऱ्या ओकचे. या दोन जातींतला फरक खारीला आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा बरा कळतो. पांढऱ्या ओकचं फळ पडलं की लगेच, त्याच शरदात मूळ बाहेर काढतं. साठवलं तर फळातलं अन्न मुळात निघून जातं. लाल ओकचं फळ हिवाळाभर झोपतं आणि वसंतात उगवतं. दोन-टिंबने पांढऱ्यांतले तीन जागीच खाल्ले. उरलेले पाच पुरले, पण पुरण्याआधी प्रत्येकाचं टोक दातांनी कुरतडून कोंब काढून टाकला. दुर्बिणीतून टरफलाचे कपचे पडताना दिसत होते. कोंब गेलेलं फळ उगवत नाही, साठा म्हणून टिकतं.

लाल बारांपैकी एक तिने हातात फिरवला, डोकं झटकलं, आणि तिथेच खाल्ला. त्यात किड्याची अळी असणार, कारण कीड लागलेलं फळ त्या ठेवत नाहीत. बाकी अकरा पुरले. पुरणं बघण्यासारखं असतं. पुढच्या पायांनी दोन-तीन सेंटिमीटरचा खड्डा, फळ तोंडाने आत, मग पुढच्या दातांनी खाली दाबत डोक्याचे चार-पाच ठोके, माती ओढून थोपटणं, आणि शेवटी वर पानं अशी सारखी करणं की दोन मिनिटांनी मलाच जागा दिसत नाही. मध्येच तिने दोनदा हे सगळं फळ न ठेवता केलं. समोरच्या झाडावर एक नर बसला होता. बघणारं कोणी असलं की खारी अशा फसव्या जागा करतात. माणसांनी त्यांचे साठे उकरले तर असल्या फसव्या जागा वाढतात, हेही पेनसिल्व्हेनियातल्याच अभ्यासात दिसलंय.

जानेवारीत अकरा जागा तपासल्या. चार ठिकाणी खिळा नव्हता. त्यांतले दोन सहा मीटरच्या आत दुसरीकडे वाजले, म्हणजे कोणीतरी उकरून पुन्हा पुरले होते. दोन गेले ते गेलेच. सात जागेवर होते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अखेरची तपासणी. ते सातही अजून जागेवरच. या वेळी उकरून बघायचं असतं. दोन बुरशीने काळे पडलेले, पाचांना बोटभर पांढरं मूळ फुटलेलं. मी हिरवळीवर बसून तक्ता काढला. त्यात तीन रकाने: 'काढलं', 'हलवलं', 'विसरली'. 'विसरली'खाली सात लिहिलं.

तेवढ्यात आवाराची देखभाल करणारे एक वयस्क गृहस्थ गवत कापायचं यंत्र थांबवून जवळ आले. डिटेक्टर बघून त्यांना वाटलं माझं काही हरवलंय. मी सांगितलं की खारींचं काम आहे. ते म्हणाले, "मग तुमचीच एक वस्तू माझ्याकडे आहे," आणि त्यांच्या खोलीतल्या खिळ्यांच्या डब्यातून एक कानाचा बिल्ला घेऊन आले. डिसेंबरात, सुट्ट्या लागायच्या आधी, पार्किंगच्या रस्त्यावर एक खार गाडीखाली आली होती. त्यांनी ती उचलली, बिल्ला काढून ठेवला, कोणी विचारायला येईल म्हणून. कोणीच आलं नाही.

नंबर दोन-टिंबचा होता.

म्हणजे जानेवारीत मी जे सात 'अजून काढायचे' म्हणून मोजले त्यांची मालकीण तेव्हाच नव्हती. ती काहीही विसरली नव्हती. आमच्याकडे 'कोण दिसली' अशी एक यादी असते, दर आठवड्याच्या फेरीत भरली जाते, आणि तीत डिसेंबरनंतर तिच्यापुढे रिकामी जागा होती. पण ती यादी एकाच्या संगणकावर आणि पुरलेल्या फळांचा तक्ता दुसऱ्याच्या. दोन्ही कधी शेजारी ठेवले गेले नाहीत. यात मी स्वतःलाही धरते. एका माणसाने काळजीपूर्वक डब्यात जपलेला बिल्ला आमच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा कामाचा ठरला.

त्या रात्री मी 'विसरली' या शब्दावर अडकले, आणि अजून अडकलेलीच आहे. खारीला जागा आठवतात का, हे प्रिन्स्टनमध्ये लुसिया जेकब्स आणि एमिली लिमन यांनी तपासलं होतं आणि १९९१ साली प्रसिद्ध केलं होतं. प्रत्येक खारीला दहा हेझलनट पुरू दिले आणि दोन, चार किंवा बारा दिवसांनी परत आणलं. दरम्यान तिचे नट काढून घेतले होते आणि परत आणायच्या वेळी तिच्या स्वतःच्या जागांवर आणि दुसऱ्या खारींच्या जागांवर सारखेच ताजे नट ठेवले होते. वासावरच शोधत असती तर दोन्हीकडचे सारखे मिळाले असते. स्वतःच्या जागांवरचे जास्त मिळाले. वास त्यांना येतो, माती ओली असली की जास्त येतो, पण स्मरणही काम करतं.

मग जमिनीत का उरतात? माझ्या तक्त्याला हा प्रश्न विचारताच येत नव्हता. खार किती दिवस जगली, चोरी किती झाली आणि त्या वर्षी ओकला फळ किती आलं, हे तिन्ही त्यात नव्हतं. चोरीचंच बघा. असे विखुरलेले साठे करणाऱ्या प्राण्यांत दिवसाला दोन ते तीस टक्के साठे दुसरे उकरतात, असे आकडे अभ्यासांतून आलेत. सगळ्यात कमी, दोन टक्के धरा. शंभर पुरलेल्यांतले दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याण्णव, तिसऱ्या दिवशी शहाण्णव, असं करत दोन महिन्यांनी तीसच्या आसपास उरतात. मालकिणीने एकही काढला नाही तरी. पाच टक्के धरले तर दोन महिन्यांत शंभरातले पाचही धड उरत नाहीत. हे दिसत असताना कोणतीही खार नेमकं लागेल तेवढंच पुरेल का? हिवाळा किती लांबेल तेही तिला माहीत नसतं. म्हणून ती जास्त पुरते. चोरी कमी झाली, फळ भरपूर आलं, थंडी लवकर सरली, की उरतं. आणि बऱ्याच खारी वसंत बघतच नाहीत. पिल्लांतली बहुतेक पहिल्याच वर्षी मरतात. जमिनीत उरलेलं फळ पाहून यातलं काय झालं हे सांगता येत नाही. खरंखुरं विसरणंही त्यात असेलच. पण ते ओळखायचं तर खार जिवंत होती, भुकेली होती, त्या जागेपाशी आली होती आणि तरी तिने उकरलं नाही, इतकं सगळं पाहिलेलं हवं.

सोमवारी मी आमच्या प्राध्यापकबाईंना बिल्ला दाखवला. त्यांनी वाद घातला नाही, रकान्याचं नाव लगेच बदलून 'जागेवर' केलं. निरीक्षणाच्या रकान्यात कारण लिहायचं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण शिकवतो, असं त्या स्वतःच म्हणाल्या. दोन्ही याद्याही आता एका ठिकाणी आहेत. पण आधीच्या चार हंगामांचं काय, हे मी विचारलं तेव्हा त्या गप्प झाल्या. त्या तक्त्यांत खार शेवटची कधी दिसली याची नोंदच नाही. तिथले 'विसरली' आता कुठल्या रकान्यात टाकायचे? माझं म्हणणं आहे की ते आकडे वापरूच नयेत. त्यांचं म्हणणं आहे की टीप देऊन वापरावेत. हे अजून ठरलेलं नाही.

मूळ फुटलेले पाच एकॉर्न मी होते तिथेच परत पुरले, मुळाचं टोक खाली करून, आणि प्रत्येकाशेजारी तारेचा छोटा झेंडा रोवला. देखभालीच्या गृहस्थांना विचारलं, एवढा तुकडा कापायचा राहू द्याल का. मे संपताना तिघांना पानं आली होती. ते अजूनही त्यांच्याभोवती यंत्र वळवून नेतात.