जानेवारीत लावलेला डॅम्पर एप्रिलमध्ये का चुकला

रांजणगावच्या आमच्या फूड युनिटमध्ये ताशी ३ टन वाफेचा थ्री-पास बॉयलर आहे. आधी तो फर्नेस ऑइलवर चालायचा, मग पाइपचा गॅस आला आणि बर्नर बदलला. बर्नर बसवायला आलेल्या माणसाने आग लावली, दोनतीन लोडवर चालवून दाखवलं आणि सही घेऊन गेला. युटिलिटीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा गॅसचं बिल बघून मी मामांना विचारलं, "शेवटचं ट्यूनिंग कधी झालं?" मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने बॉयलर अटेंडंट. ते म्हणाले, "मॅडम, चिमणीतून धूर कुठे येतोय? ज्योत बघा, निळीशार."

तेलावर मामांचं हे गणित चालायचं. हवा कमी पडली की चिमणी काळं ओकायची आणि डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, कुठे आणायचा ते डोळ्यांना कळायचं. गॅसवर मात्र हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणजे सीओ, आणि तो ना दिसतो ना वासाने कळतो. हवा जास्त झाली तरीही चिमणी स्वच्छच दिसते. म्हणून चिमणीतल्या वायूत ऑक्सिजन आणि सीओ मोजणारा फ्ल्यू गॅस अॅनालायझर भाड्याने मागवला.

हिशोब कागदावर सोपा आहे. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन.

```
CH4 + 2 O2 → CO2 + 2 H2O
```

एक घनमीटर मिथेनला दोन घनमीटर ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच, म्हणून हवा लागते साधारण साडेनऊ घनमीटर. हे झालं स्टॉइकिओमेट्रिक मिश्रण: गॅसही शिल्लक नाही आणि ऑक्सिजनही नाही. पण बर्नरमध्ये प्रत्येक रेणूला आपला जोडीदार वेळेवर सापडत नाही. त्यामुळे थोडी जादा हवा द्यावीच लागते. आणि ती जास्त झाली की आपण बाहेरची हवा गरम करून चिमणीतून सोडून देतो. प्रश्न एवढाच की थोडी म्हणजे किती.

जादा हवा मोजायचं घरगुती सूत्र असं: २१ मधून चिमणीतला ऑक्सिजन वजा करायचा आणि उरलेल्या आकड्याने त्याच ऑक्सिजनला भागायचं. ८ टक्के ऑक्सिजन असेल तर ८ भागिले १३, म्हणजे ६१ टक्के. गॅसवर हा आकडा जरा फुगलेला येतो, कारण मिथेन जळून बरीच पाण्याची वाफ होते आणि मीटर ती काढून टाकून उरलेल्या कोरड्या वायूत ऑक्सिजन मोजतो. खरी जादा हवा ५५ टक्क्यांच्या आसपास असते. फरक लक्षात ठेवलेला बरा, पण ट्यूनिंग ऑक्सिजनच्या आकड्यावरच होतं.

पहिल्या दिवशी इकॉनॉमायझरनंतरच्या, म्हणजे चिमणीकडे जाणाऱ्या वायूवर बॉयलरचं पाणी तापवणाऱ्या भागानंतरच्या जुन्या भोकात प्रोब घातला. ऑक्सिजन ९.८. मला आनंदच झाला, एवढी हवा म्हणजे कमी करायला भरपूर वाव. आमच्या बर्नरला एकच सर्व्होमोटर आहे. तो गॅसची बटरफ्लाय आणि हवेचा डॅम्पर दोन्ही एकदम फिरवतो, आणि डॅम्परच्या बाजूला स्क्रूंची रांग असलेला कॅम आहे. त्या त्या लोडचा स्क्रू फिरवला की त्या लोडची हवा बदलते. मधल्या लोडवर बॉयलर हातात धरला, स्क्रू पाव फेरा आत, तीन मिनिटं थांबायचं, वाचायचं, पुन्हा पाव फेरा. ऑक्सिजन ४.६ वर आला आणि सीओ एकदम ७०० पीपीएम.

४.६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असताना सीओ एवढा का? मी सरळ बर्नरला दोष दिला, हवा नीट मिसळत नसणार. स्क्रू मागे घेतला आणि बर्नरवाल्याला फोन लावायला निघाले. मामा मात्र इकॉनॉमायझरच्या साफसफाईच्या दाराशी उभे होते. म्हणाले, "इथे कान लावा." बारीक सूं असा आवाज येत होता.

बाहेर जाणारा गॅस नव्हता तो, हवा आत शिरत होती. भट्टीत हवा आत ढकलणाऱ्या एफडी फॅनमुळे दाब असतो, पण चिमणीजवळ चिमणीच्या ओढीने उलटं होतं, फट असेल तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. दाराचा दोरीचा गॅस्केट एका कोपऱ्यात जळून खडखडीत झाला होता. कुणीतरी उदबत्ती फिरवून बघू म्हणालं. गॅस ट्रेन, म्हणजे गॅसच्या झडपांची रांग, असलेल्या खोलीत मी जळतं काही आणू दिलं नाही. टिश्यू पेपरची पट्टी धरली तर ती फटीला जाऊन चिकटली. म्हणजे मीटर मोजत होता तो ऑक्सिजन ज्योतीजवळून वाचलेला नव्हताच, दारातून शिरलेला होता. भट्टीत हवा खरोखर संपत आली होती आणि मी ४.६ वाचत बसले होते. ऑक्सिजन आणि सीओ दोन्ही एकदम वर दिसले की बर्नर उघडण्याआधी फट शोधावी, हे मी त्या दिवशी शिकले.

साप्ताहिक सुटीला बॉयलर थंड करून गॅस्केट बदलला आणि इकॉनॉमायझरच्या अलीकडे, तिसऱ्या पासनंतरच्या डक्टवर प्रोबसाठी अर्ध्या इंचाचं सॉकेट लावून घेतलं. सोमवारी त्या जागी स्क्रू मूळ स्थितीत असताना ऑक्सिजन ८.० आला, इकॉनॉमायझरनंतरचं तापमान २१०. हीच खरी सुरुवात.

आता कमी करत गेले. ६.१, ४.५, ३.४, तोवर सीओ १५च्या आतच. २.४ वर २५, १.९ वर ४०. १.५ वर १८०. १.१ वर ८५०. सीओ हळूहळू वाढत नाही. बराच वेळ जमिनीलगत पडून राहतो आणि मग अचानक उभा राहतो. तो गुडघा आमच्या बर्नरला मधल्या लोडवर १.८च्या आसपास आहे. दुसऱ्या बर्नरचा दुसरीकडे असेल, तो शोधूनच काढावा लागतो. सीओ वर गेला की प्रोब काढून मोकळ्या हवेत धरायचा, नाहीतर सेल भरून बसते आणि पुढचे आकडे खोटे येतात.

गुडघा सापडला, आणि इथेच माझी चूक झाली. मी डॅम्पर २.० वर सोडला. सीओ ४० पीपीएम, ऑक्सिजन २ टक्के, जादा हवा जेमतेम १० टक्के. रिपोर्टला फोटो जोडला. जानेवारी महिना, सकाळी सात वाजता फॅनच्या तोंडाशी १८ अंश.

एप्रिलमध्ये एका दुपारी मामांचा फोन आला, "मॅडम, बॉयलर घुमतोय." गेले तर खरंच, पुढच्या प्लेटवर हात ठेवला की दबक्या ढोलासारखी थरथर. ज्योतीच्या काचेतून बघितलं तर टोकं पिवळी, भट्टीभर लांबलेली. पुन्हा अॅनालायझर. सीओ २००० पार. स्क्रूला कुणी हात लावला नव्हता, खुणेचा रंग जसाच्या तसा.

फॅन घनमीटर ढकलतो, किलो नाही. डॅम्पर तेवढाच उघडा असला तरी गरम हवा विरळ, म्हणून त्याच घनमीटरात ऑक्सिजन कमी. बॉयलर हाऊसमध्ये फॅनच्या तोंडाशी त्या दुपारी ४२ अंश होते. केल्विनमध्ये जानेवारीचे २९१, एप्रिलचे ३१५. २९१ भागिले ३१५ म्हणजे ०.९२. वजनाने साडेसात टक्के हवा गायब. गॅस जमिनीखालच्या पाइपातून आणि रेग्युलेटरमधून येतो, तो एवढा बदलत नाही. जानेवारीत मी ठेवलेली १० टक्के जादा हवा एप्रिलच्या दुपारी दीड टक्क्यावर आली होती. गुडघा ओलांडलेला होता. मी जे बारीक ट्यूनिंग म्हणून मिरवलं होतं ते थंडीच्या सकाळपुरतं होतं.

हवा लगेच वाढवली, घुमणं थांबलं. मग ठरवलं की ट्यूनिंग कडक उन्हातच करायचं. ४२ अंशांना मधल्या लोडवर ऑक्सिजन २.६ लावला. तोच डॅम्पर जानेवारीच्या पहाटे ४.१ दाखवेल, असा हिशोब निघतो. त्यात नुकसान किती? चिमणीतून जाणारी उष्णता जेमतेम अर्धा टक्का जास्त. हवा कमी पडली तर मात्र सीओ, काजळी आणि घुमणारा बॉयलर. हा अर्धा टक्का मी डोळे मिटून देते.

मधला लोड सांभाळला म्हणजे झालं असं नाही. लो फायरला हवेचा वेग कमी, मिसळणं मंद, तिथे ५.५ लागतो आणि तिथे २.६चा हट्ट धरला तर सीओ लगेच उठतो. हाय फायरला ३ वर ठेवला. आणि सर्व्होमोटर डॅम्परला जोडणाऱ्या लिंकेजच्या सांध्यांमधला ढिलेपणा! तोच लोड वर जाताना ३.० दाखवायचा, खाली येताना २.२. दोन बॉल जॉइंट बदलल्यावर फरक ०.३ वर आला. ते आधी बदलायला हवे होते, मी शेवटी बदलले. दोन दिवस त्यातच गेले.

आता बचत. मूळ ८.० ऑक्सिजन, २१० अंश, बाहेरची हवा ३२. कोरड्या वायूसाठी वापरतात ते झीगर्टचं सूत्र नैसर्गिक वायूला असं लावतात:

```
loss% = (Tgas - Tair) x (0.66/(21 - O2) + 0.009)
```

त्याने चिमणीतला तोटा १०.६ टक्के येतो. ट्यूनिंगनंतर सरासरी ३.४ ऑक्सिजन, आणि तापमानही उतरून १९६ झालं, कारण नळ्यांमधून जाणारा वायूच कमी झाला. तोटा ७.६. तीन टक्के. आम्ही दिवसाला ३१०० घनमीटरच्या आसपास गॅस जाळतो, त्यात रोज साधारण १०० घनमीटर वाचले. गॅस मीटरवर हे पहिल्या आठवड्यात दिसलं नाही, कारण उत्पादन वरखाली होत होतं. प्रति टन वाफ गॅस काढला तेव्हाच कळलं.

लॉगबुकमध्ये आता ऑक्सिजनशेजारी एक रकाना वाढवलाय: फॅनच्या तोंडाशी तापमान. सुरुवातीला मामांना ती कटकट वाटली. यंदाच्या जानेवारीत सकाळची पहिली पाळी होती, १७ अंश, ऑक्सिजन ४.०. ते कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही ४.१ म्हणाला होतात." मी म्हटलं, अॅनालायझरचं कॅलिब्रेशन पाठवू या का. ते हसले आणि वही बगलेत मारून परत बॉयलर हाऊसकडे गेले.