गोदामाचा अहवाल आणि वाक्यांची लांबी

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यातून मुंबईच्या मुख्य कार्यालयाला दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गोदामांच्या स्थितीचा इंग्रजी अहवाल जातो. भांडार, देखभाल आणि लेखा या तीन विभागांकडून आलेला मजकूर एकत्र करून त्याचा एक सलग अहवाल तयार करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. मजकुरात माहितीची उणीव नव्हती आणि व्याकरणही शुद्ध होते. मात्र पहिला मसुदा वाचून मुख्य कार्यालयातील वित्त अधिकाऱ्यांनी फोनवर एवढेच विचारले, "तुम्हाला आमच्याकडून पैसे हवे आहेत की मुदत?" दोन्ही गोष्टी मसुद्यात लिहिलेल्या होत्या. त्या त्यांना दिसल्या का नाहीत, हे मला आधी शोधावे लागले.

मी प्रत्येक वाक्यातील शब्द मोजून तो आकडा समासात लिहीत गेलो. मुख्य परिच्छेदात सगळे आकडे तिशीच्या आसपास निघाले. पण केवळ आकड्यांवरून उलगडा होईना, म्हणून एक वाक्य घेऊन ते तपासले. ते असे होते : "द कार्टन्स स्टोअर्ड इन द बॉटम लेयर ऑफ द स्टॅक्स इन द वेस्ट गोडाऊन, विच डज नॉट हॅव अ डीह्युमिडिफायर अँड व्हेअर द शटर रिमेन्स ओपन ड्युरिंग लोडिंग इव्हन व्हेन इट इज रेनिंग, हॅव बीन फाउंड टू बी कोलॅप्सिंग." यात 39 शब्द आहेत. कर्ता दुसऱ्या शब्दावर येतो आणि मुख्य क्रियापद सुरू होते ते चौतिसाव्या शब्दावर. मधले 31 शब्द वाचक हातात धरून बसतो, कारण त्या खोक्यांचे काय झाले हे त्याला अजून कळलेले नसते.

ही रचना आपल्याकडे कुठून येते, हे ओळखायला वेळ लागला नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते. "पश्चिमेकडील गोदामात तळाच्या थरात ठेवलेली खोकी दबू लागली आहेत" हे वाक्य आपल्याला जड वाटत नाही, कारण शेवटपर्यंत थांबण्याची सवय आपल्या कानाला असते. इंग्रजी वाचकाला क्रियापद कर्त्यालगत मिळण्याची सवय असते. तेथे लांबण लावायची असेल तर ती क्रियापदानंतर, उजव्या बाजूला लावलेली चालते.

देखभाल विभागातील एका तरुण सहकाऱ्याने मात्र वेगळा उपाय सुचवला आणि सगळी वाक्ये तोडून दिली. खोकी दबत आहेत. ती पश्चिमेच्या गोदामात आहेत. ती तळाला आहेत. तिथे आर्द्रता शोषणारे यंत्र नाही. शटर उघडे असते. पाऊस पडतो. पुठ्ठा ओला होतो. दोन यंत्रे हवीत. इंग्रजीतही प्रत्येक वाक्य चार-सहा शब्दांचे होते आणि एकेक वाक्य सुटे वाचले तर ते सहज समजत होते. पण हा परिच्छेद लेखा विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना वाचायला दिल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे शटर दुरुस्तीचा खर्च मागायचा आहे का?" त्यांची शंका रास्त होती. सारखी लहान वाक्ये ओळीने आली की प्रत्येकाचे वजन सारखे होते आणि कारण, परिणाम व मागणी यांतला फरक पुसला जातो. "म्हणून", "त्यामुळे" हे दुवे तोडले की ते जोडण्याचे काम वाचकावर पडते, आणि घाईतला वाचक ते आपल्या अंदाजाने करतो.

तिसऱ्या मसुद्यात मी आधी प्रत्येक वाक्याचे काम ठरवले आणि मगच त्याची लांबी. पहिल्या वाक्यात घटना सांगितली : "बॉटम-लेयर कार्टन्स इन द वेस्ट गोडाऊन आर कोलॅप्सिंग." आठ शब्द. दुसऱ्यात कारणांची साखळी एकत्र ठेवली : "द गोडाऊन हॅज नो डीह्युमिडिफायर, अँड इट्स शटर स्टेज ओपन ड्युरिंग लोडिंग इव्हन व्हेन इट इज रेनिंग, सो द बोर्ड टेक्स अप मॉइश्चर फ्रॉम द एअर अँड कॅन नो लाँगर बेअर द वेट ऑफ द लेयर्स अबव्ह इट." हे 38 शब्दांचे आहे, म्हणजे मूळ वाक्याहून जेमतेम एका शब्दाने लहान. तरीही ते अडत नाही, कारण क्रियापद तिसऱ्याच शब्दावर येते आणि पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्या पूर्ण झालेल्या अर्थाला जोडला जातो. वाचकाने मध्येच सोडून दिले तरी तोवर वाचलेले वाया जात नाही. तिसरे वाक्य : "वुई नीड टू डीह्युमिडिफायर्स बिफोर जून." सहा शब्द.

मागणीचे वजन त्या सहा शब्दांना मिळते ते आधीच्या 38 शब्दांमुळे. लांब वाक्यानंतर आलेले आखूड वाक्य जेवणात मध्येच दाताखाली आलेल्या मिऱ्यासारखे जाणवते. म्हणूनच एका परिच्छेदात अशी जागा मी एकच ठेवली, फार तर सुरुवातीची धरून दोन.

शेवटचे शब्द कोणते असावेत, यावरही आमची थोडी चर्चा झाली. "बिफोर जून" आरंभी घातले असते तर वाक्य यंत्रांवर संपले असते. इंग्रजी वाक्यात सहसा शेवटच्या शब्दांवर भर पडतो. गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि त्यानंतर मिळालेल्या मंजुरीचा त्या हंगामाला फारसा उपयोग नसतो. त्यामुळे आम्हाला भर मुदतीवर हवा होता. फोनवरच्या त्या प्रश्नाचे उत्तर असे एका वाक्यात बसले : पैसेही हवेत, पण जूनपूर्वी.

संगणकावरील मोजमापाबद्दल थोडे सांगतो, कारण अनेक जण त्यावर विसंबतात. वर्डमध्ये `Show readability statistics` हा पर्याय सुरू केला की तपासणीनंतर दर वाक्यामागे सरासरी किती शब्द आहेत ते दिसते. आमच्या तीन वाक्यांची सरासरी 17 च्या थोडी वर येते. 15 ते 20 ही सरासरी सामान्यतः चांगली मानली जाते, तेव्हा त्या हिशेबाने आम्ही उत्तीर्ण. पण तीनही वाक्ये 17-17 शब्दांची असती तरी सरासरी तीच आली असती आणि मागणी पुन्हा गर्दीत हरवली असती. तेथेच दिसणारा, मजकूर वाचायला किती सोपा आहे हे सांगणारा फ्लेश गुणांकही वाक्याची सरासरी लांबी आणि शब्दातील उच्चारखंडांची सरासरी एवढ्यावरच काढला जातो, त्याला चढउतार कळत नाहीत. उलट ब्रिटिश सरकारच्या लेखनशैलीच्या सूचनांप्रमाणे 25 शब्दांवरचे वाक्य तोडता येते का, हे तपासायचे असते. आमचे 38 शब्दांचे वाक्य मी त्या कसोटीवर घासले आणि "सो" या शब्दापाशी तोडून पाहिले. तोडता आले, पण कारण आणि परिणाम वेगळे पडले, म्हणून ते तसेच ठेवले. समासातील आकडे मात्र मी अजूनही लिहितो. 31, 29, 33 अशी रांग दिसली की तिथे थांबून मुख्य मुद्दा शोधायचा, आणि 5, 6, 4, 5 दिसले की तुटलेले दुवे शोधायचे.

विम्याच्या अटींच्या परिच्छेदाला आम्ही ही पद्धत लावली नाही. त्यात "अमुक असेल तर आणि तमुक नसेल तर" अशा अटींची वाक्ये चाळीस शब्दांच्याही पुढे जात होती, आणि ती तोडल्यास कोणती अट कशाला लागू आहे याबद्दल वाद होण्याची शक्यता होती. तेथे बदल केला तो फक्त क्रमाचा : भरपाई मिळते हे आधी, आणि कोणत्या परिस्थितीत मिळते ते त्यानंतर.