आमची वाटचाल : ८.३० म्हणजे साडेआठ तास की आठ तास अठरा मिनिटं?

कंपन्यांच्या टाइमशीट आणि खर्चाचे क्लेम वाचायचे, त्यातल्या तारखा, तास आणि रकमा वेगळ्या काढायच्या आणि ताळा जुळत नाही ती ओळ फायनान्सच्या पुढ्यात ठेवायची, हे आमच्या छोट्या फर्मचं काम. सुरुवातीला आमचा सगळा भर संशय घेणाऱ्या नियमांवर होता: सुट्टीच्या दिवशीचं काम, गोल रकमा, मंजुरीच्या मर्यादेच्या जेमतेम खाली बसणारी बिलं. याद्या लांबलचक निघत. मूळ कागद उघडला की मात्र बऱ्याच ओळींत भरणाऱ्याचा दोष नसे, आमच्या वाचनाचा असे. तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी आकडा नीट वाचला गेला का ते ठरवायचं, मगच तो विचित्र आहे का ते बघायचं.

त्यासाठी प्रत्येक आकड्याचे दोन रकाने ठेवतो. एकात कागदावर होतं तसंच्या तसं, दुसऱ्यात आम्ही लावलेला अर्थ. सोबत पान आणि ओळ क्रमांक. मूळ मजकुरावर अर्थ चढवून तो पुसून टाकला, तर पुढे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

सर्वात जास्त घोळ तासांचा. कुणी ८:३० लिहितं, कुणी ८.५, आणि कुणी ८.३०. शेवटच्याचे दोन अर्थ होतात: साडेआठ तास किंवा दशांशाने ८ तास १८ मिनिटं. एकट्या ओळीवरून हे ठरत नाही, शीटच्या खालच्या बेरजेवरून ठरतं. समजा पाच दिवसांपैकी तीन दिवस ८.३० आणि दोन दिवस ८:३० लिहिलंय. दशांश धरला तर बेरीज ४१.९ येते, मिनिटं धरली तर ४२.५. भरणाऱ्याने खाली ४२.३० लिहिलं असेल, तर तो बिंदू मिनिटांचाच. दोन्ही अर्थ लावून बघायचे, बेरजेशी जुळेल तो घ्यायचा, एकही जुळला नाही तर माणसाकडे पाठवायचं. बेरीजच नसेल तर त्याच माणसाच्या जुन्या शीट बघतो. बिंदूनंतर कधी ७५ किंवा ९० आलंय का? आलं असेल तर तो दशांश लिहिणारा; मिनिटं ५९ च्या पुढे जात नाहीत.

एक्सेलमधून आलेल्या बेरजेवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. एक्सेलला वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. रकान्याची मांडणी `h:mm` असेल तर २४ तासांचा एक पूर्ण दिवस पडद्यावरून गळतो आणि ४१:३० च्या जागी १७:३० दिसतं. तीच फाइल सीएसव्ही करून पाठवली की दिसणारा १७:३० च पोहोचतो. मांडणी `[h]:mm` हवी. फरक बरोबर २४ तासांचा आला तर आम्ही कर्मचाऱ्याला विचारत नाही, फाइल परत मागवतो.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीसाठी हे सूत्र चालतं:

```
=MOD(B2-A2,1)*24
```

२२:०० ते ०६:०० चे आठ तास बरोबर येतात. पण याच सूत्राखाली एक चूक लपते. येण्याची आणि जाण्याची वेळ उलटसुलट भरली, म्हणजे १८:०० ते ०९:००, तर उत्तर उणे येत नाही, १५ येतं. म्हणून १४ च्या वर गेलेले तास आधी २४ मधून वजा करून बघतो. नऊसारखा रोजचा आकडा आला तर शेरा ‘वेळा उलट भरल्या का?’ असा जातो, ‘जादा तास’ असा नाही.

तारखांचा घोळ शांतपणे होतो. दिवस आधी लिहिलेली फाइल महिना आधी मानणाऱ्या संगणकावर उघडली, की १ ते १२ पर्यंतच्या दिवसांचे महिने बनतात आणि १३ पासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून राहतात. ओळखायची खूण सोपी: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे, आणि एका महिन्याच्या शीटमध्ये बाराही महिने विखुरलेले. अशा वेळी एकेक तारीख दुरुस्त करत बसू नये, अख्खा रकाना मूळ फाइलमधून मजकूर म्हणून पुन्हा उचलावा.

आता एक पूर्ण क्लेम, नमुन्यादाखल रचलेला. सादर केल्याची तारीख १४ मे २०२४. त्यात हॉटेल ०६/०५ ते ०८/०५, रक्कम ९,६००; टॅक्सी ०६/०५ ला ८४० आणि ०८/०५ ला ४८०; जेवण ०७/०५ ला ६३०. खाली एकूण ११,९१०.

०६/०५ म्हणजे ६ मे की ५ जून? बिल क्लेमच्या नंतरचं असू शकत नाही, म्हणून ६ मे. इथे वाद संपला.

बेरीज ११,५५० येते, म्हणजे ३६० चा फरक. त्याला नवाने भाग जातो, आणि फरक नवाच्या पटीत आला की आधी शेजारच्या अंकांची अदलाबदल शोधावी. ४८० चं ८४० केलं की फरक बरोबर मिटतो. मूळ पावतीची प्रतिमा पुन्हा बघितली, तिच्यावर ८४० च आहे. हे आमच्या बाजूला मिटलं, फायनान्सपर्यंत गेलं नाही. (नवाचा ताळा हा इशारा आहे, पुरावा नाही. दशांशचिन्ह सरकलं तरी फरक नवाच्याच पटीत येतो, आणि नऊ फरकांत एखादा तसाही योगायोगाने पडतो. पावती बघितल्याशिवाय आकडा बदलायचा नाही.)

जेवणाचे ६३० मात्र खरे अडकतात. हॉटेल बिलाची फक्त एकूण रक्कम उचलली असती तर काहीच दिसलं नसतं. आतल्या ओळी उचलल्यावर दिसतं: दोन रात्रींचे ४,४८५ प्रमाणे ८,९७०, आणि ७ तारखेला रेस्टॉरंटचे ६३०. तेच जेवण स्वतंत्र पावतीवर पुन्हा मागितलंय. नुसता पावती क्रमांक ताडणारा नियम इथे आंधळा, कारण दोन्ही कागदांचे क्रमांक वेगळे. म्हणून आम्ही तारीख आणि रक्कम यांची जोडी क्लेममधल्या प्रत्येक बिलाच्या आतल्या ओळींशी लावून बघतो.

तिसरी गोष्ट टाइमशीटशी ताडल्यावर निघते. ७ मेला हॉटेलात मुक्काम, आणि शीटवर ‘कार्यालय, ८.३०’. बहुतेकदा आठवडाभर एकच ओळ खाली ओढलेली असते. तरी हे सोडायचं नाही, कारण ते तास चुकीच्या प्रकल्पावर पडतात आणि ग्राहकाला लागणारं बिल बदलतं.

फायनान्सकडे जाणारा शेरा आरोपासारखा वाचला जाऊ नये, म्हणून त्यात फक्त काय कुठे दिसतं आणि काय विचारायचं एवढंच असतं: ‘पान ३, ओळ ४: ७ मे, रेस्टॉरंट ६३०. पान ५: ७ मे, जेवण ६३०. दोन्ही एकच जेवण आहे का?’ उत्तर आलं की तीनपैकी एक खूण लागते: वाचनाची चूक, कारण पटलं, किंवा रक्कम दुरुस्त. तिमाहीच्या शेवटी नियमवार मोजतो. सुट्टीच्या दिवशीच्या कामाचा नियम सतत ‘कारण पटलं’ मध्येच पडत राहिला. आता तो कॅलेंडरवर चालत नाही, पाळीच्या तक्त्यावर चालतो, आणि ज्या विभागाचा तक्ता आलेला नाही तिथे तो बंदच ठेवतो.